शिकण्याची शैली आणि ग्रोथ माइंडसेट: दोन लोकप्रिय कल्पनांचा निकाल

परक्या माणसाला विमानतळावर जायचं आहे आणि तो तुम्हाला रस्ता विचारतो. तुम्ही काय कराल? कागदावर नकाशा काढून द्याल, तोंडी सांगाल, वळणं क्रमाने लिहून द्याल, की सरळ त्याच्याबरोबर निघाल? नील फ्लेमिंग यांच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत या धाटणीचे प्रश्न आहेत. उत्तरांची बेरीज केली की माणूस दृक्, श्राव्य, वाचन-लेखन किंवा कृती यांपैकी कोणत्या वाटेने शिकणारा आहे ते ठरतं. फ्लेमिंग न्यूझीलंडमध्ये शाळा निरीक्षक होते. काही उत्तम शिक्षकांच्या हातूनही ठरावीक मुलं सुटतात आणि बेताच्या शिक्षकांकडेही काही मुलं छान शिकतात, हे त्यांनी वर्गावर्गांत पाहिलं होतं. त्यातून 1992 मध्ये त्यांनी आणि कॉलीन मिल्स यांनी ही प्रश्नावली मांडली. मुलांनी आपल्या अभ्यासाच्या सवयींचा विचार करावा, त्यासाठी निमित्त मिळावं, एवढीच त्यांची मूळ अपेक्षा होती.

पुढे मात्र या निमित्ताचं निदान झालं. मुलगा दृक् शैलीचा असेल तर त्याला चित्रांतून शिकवावं आणि मुलगी श्राव्य शैलीची असेल तर तिला ऐकवून शिकवावं, म्हणजे दोघांचंही शिकणं सुधारेल, असा नियम त्यातून निघाला. शिक्षक प्रशिक्षणाच्या पुस्तकांत तो गेला, कार्यशाळांत गेला आणि पालकसभेतही पोहोचला. 2012 मध्ये सॅने डेकर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन व नेदरलँड्समधल्या शिक्षकांना मेंदूविषयीची काही विधानं देऊन ती बरोबर की चूक ते विचारलं. शैलीप्रमाणे शिकवलं की मुलं अधिक चांगली शिकतात, हे विधान ब्रिटनमधल्या 93 टक्के आणि नेदरलँड्समधल्या 96 टक्के शिक्षकांनी बरोबर ठरवलं.

शाळांत अशीच रुळलेली दुसरी कल्पना म्हणजे ग्रोथ माइंडसेट. बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, मेहनतीने आणि योग्य पद्धतीने ती वाढते, असा विश्वास असलेली मुलं अपयशाने खचत नाहीत आणि पुढे जातात, असं स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं म्हणणं. त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक 2006 मध्ये आलं आणि काही वर्षांतच शाळांच्या भिंतींवर त्यातल्या विचारांची पोस्टर्स लागली.

या दोन कल्पनांची नावं बऱ्याचदा एका दमात घेतली जातात. त्यांच्यावर विश्वास ठेवणारे दोन्ही एकदम स्वीकारतात, टीका करणारे दोन्ही एकदम मोडीत काढतात. पण पुराव्याच्या दृष्टीने त्यांची गत अगदी वेगळी आहे. एकीचा मुख्य दावा तपासणीत टिकलेला नाही. दुसरीत तथ्य आहे, पण ते जाहिरातीत दिसतं त्यापेक्षा कितीतरी लहान आहे आणि ठरावीक मुलांपुरतं, ठरावीक शाळांपुरतं आहे.

शैलीचा दावा कसा तपासायचा?

शैलीचा दावा ऐकायला पटतो, याचं कारण त्यातला अर्धा भाग खराच आहे. माणसांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. एखाद्याला व्याख्यान ऐकायला आवडतं, एखाद्याला आकृती पाहायला. यावर कोणाचाच आक्षेप नाही. दाव्याचा दुसरा अर्धा भाग मात्र वेगळा आहे: आवडीशी जुळणाऱ्या पद्धतीने शिकवलं तर शिकणं जास्त होतं. हे खरं की खोटं, ते आवडीची प्रश्नावली भरून कळत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

तो प्रयोग कसा असावा हे हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चौघांनी 2008 मध्ये नेमकेपणाने मांडलं. आधी प्रश्नावलीवरून मुलांचे दृक् आणि श्राव्य असे दोन गट करायचे. मग प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून चित्रांतून शिकवायचं आणि उरलेल्या निम्म्यांना ऐकवून. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची.

समजा, चित्रांतून शिकलेल्या सगळ्याच मुलांना जास्त गुण पडले, मग ती दृक् असोत वा श्राव्य. यातून एवढंच कळतं की त्या धड्यासाठी चित्रं चांगली होती. समजा, दृक् गटातल्या मुलांना दोन्हीकडे जास्त गुण पडले. मग कळतं की त्या गटातल्या मुलांची तयारी आधीपासूनच बरी होती. शैलीचा दावा खरा ठरायला तिसरंच काही घडावं लागतं. दृक् मुलांना चित्रांतून शिकल्यावर जास्त गुण पडायला हवेत आणि त्याच धड्यात, त्याच परीक्षेत श्राव्य मुलांना ऐकून शिकल्यावर जास्त. दोन्ही गटांच्या गुणांच्या रेषा आलेखावर काढल्या तर त्या एकमेकींना छेदायला हव्यात. तसं घडत नसेल, तर मुलांची शैली ठरवण्यात वेळ घालवण्याचं कारण नाही. जी पद्धत सरस ठरली तीच सगळ्यांसाठी वापरावी.

या चौघांनी उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा शैलींवरचं लेखन ढीगभर सापडलं, पण असा प्रयोग केलेले अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांतल्या नीट केलेल्या काही अभ्यासांचे निष्कर्ष तर दाव्याच्या उलट होते. त्याआधी 2004 मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये शैलींची वेगवेगळी प्रारूपं मोजली होती. ती 71 भरली. एकाच मुलाची शैली किती तऱ्हांनी ठरवता येते, याचा अंदाज त्यावरून येतो.

एका पुस्तकाचे दोन अवतार

पुढच्या काळात असे प्रयोग मुद्दाम करण्यात आले. त्यांतला बेथ रोगॉस्की, बार्बरा कॅल्हून आणि पॉला टॅलल यांचा 2015 चा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याची रचना साधी आणि स्वच्छ आहे. त्यांनी पदवीपर्यंत शिकलेली प्रौढ माणसं घेतली. प्रश्नावलीवरून त्यांतले ऐकून शिकणारे कोण आणि वाचून शिकणारे कोण ते ठरवलं. मग दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकी सैनिकाच्या सत्यकथेतला काही भाग काहींना ध्वनिपुस्तकातून ऐकवला आणि काहींना पडद्यावर वाचायला दिला. मजकूर शब्दाला शब्द तोच होता. लगेच आकलनाची परीक्षा घेतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली.

शैलीचा दावा खरा असता, तर ऐकून शिकणाऱ्यांना ध्वनिपुस्तकातून जास्त कळायला हवं होतं आणि वाचून शिकणाऱ्यांना पडद्यावरून. तसं काही झालं नाही. लगेच घेतलेल्या परीक्षेत नाही, दोन आठवड्यांनंतरच्या परीक्षेतही नाही. शैली जुळली की नाही याचा आकलनाशी संबंध दिसला नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात पॉली हसमन आणि व्हॅलरी ओ’लॉफलिन यांनी तपासणी थेट अभ्यासाच्या टेबलापर्यंत नेली. शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांनी फ्लेमिंग यांची प्रश्नावली भरली, आपली शैली जाणून घेतली आणि सत्रभर आपण अभ्यास कसा केला तेही नोंदवलं. त्यांच्यापैकी बहुसंख्य विद्यार्थ्यांनी आपल्या शैलीप्रमाणे अभ्यास केलाच नव्हता. ज्यांनी केला, त्यांनाही त्यामुळे जास्त गुण पडले नव्हते. काही सवयींचा मात्र गुणांशी संबंध दिसला, उदाहरणार्थ सूक्ष्मदर्शकाखालच्या नमुन्यांचा सराव करणं आणि व्याख्यानाची टिपणं वापरणं. हा फायदा कोणत्याही एका शैलीच्या विद्यार्थ्यांपुरता नव्हता.

दाव्याच्या बाजूने काहीच नाही, असं म्हणणंही बरोबर होणार नाही. 2024 मध्ये व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल आणि क्रिस्टीन लिट्झिंगर यांनी योग्य रचनेचे 21 अभ्यास एकत्र करून पाहिले. शैली जुळवल्याचा लहानसा सरासरी फायदा त्यांना दिसला. पण ज्या छेदणाऱ्या रेषांची अट आपण वर पाहिली, ती त्यांतल्या जेमतेम पाव मोजमापांत पुरी झाली. इतक्या तुटपुंज्या आणि बेभरवशाच्या फायद्यासाठी शाळांनी वेळ आणि पैसा घालावा असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आता प्रश्न उरतो की आवडीच्या पद्धतीने शिकूनही फायदा का होत नाही. याचं सर्वांत समाधानकारक उत्तर मुलाच्या डोक्यात शोधण्याऐवजी धड्यात सापडतं. महाराष्ट्राच्या शेजारी कोणकोणती राज्यं आहेत हे शिकायचं तर नकाशा लागतो. मूल कितीही श्राव्य असलं तरी राज्यांची यादी ऐकून सीमा डोळ्यांपुढे उभ्या राहत नाहीत. तबल्याचा कायदा शिकायचा तर तो कानावर पडावा लागतो आणि हातातून जावा लागतो. शिवाय शाळेत शिकायची बहुतेक गोष्ट ही शेवटी अर्थाच्या रूपात लक्षात राहते, चित्राच्या किंवा आवाजाच्या रूपात नाही. पाऊस कोकणात जास्त आणि माणदेशात कमी का पडतो, हे ज्याला समजलं त्याने ते गुरुजींच्या तोंडून ऐकलं होतं की आकृतीत पाहिलं होतं, याने समजण्यात फरक पडत नाही. बोलणं आणि आकृती एकत्र आली तर सगळ्याच मुलांना मदत होते. त्यासाठी कोणाच्या नावापुढे शिक्का मारावा लागत नाही.

ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही अशा मुलाची गरज वेगळी असते आणि ती पुरवायलाच हवी. तो प्रश्न शैलीचा नाही. गणितात मागे पडलेल्या मुलाला आधीच्या इयत्तेतला अपूर्णांक पुन्हा शिकवणं हेही वेगळं. आधीचं ज्ञान किती पक्कं आहे, हा मुलामुलांमधला फार मोठा फरक असतो. शैलीच्या चर्चेत नेमका तोच बाजूला पडतो.

शिक्का निरुपद्रवी असता तरी एक वेळ चाललं असतं. शेलीन नॅन्सिकिव्हेल आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालक, शिक्षक आणि मुलांना दोन काल्पनिक विद्यार्थ्यांची ओळख करून दिली. एक पाहून शिकणारा, दुसरा हाताने करून शिकणारा. बाकी काहीही सांगितलं नव्हतं. तरी पाहून शिकणारा अधिक हुशार असणार, असं लोकांनी गृहीत धरलं. कोणत्या विषयात कोणाला चांगले गुण पडतील, याचे अंदाजही शिक्क्यावरून बदलले. म्हणजे कृतीतून शिकणारा अशी गोड शब्दांत केलेली नोंद मुलाच्या वाट्याला कमी अपेक्षा घेऊन येऊ शकते. आपल्याकडे तर बोटांच्या ठशांवरून मुलाची शैली आणि बुद्धीचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्याही विकल्या जातात. ज्या शैलीच्या उपयोगाचाच पुरावा नाही ती ठशांवरून वाचून दाखवणं, हा या प्रकाराचा कळस म्हणावा लागेल.

शाबासकी कशाची?

ग्रोथ माइंडसेटची गोष्ट एका गाजलेल्या प्रयोगापासून सांगता येते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. कोडी मध्यम अवघड होती. झाल्यावर सगळ्यांना छान जमलं असं सांगितलं. मग काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ अशी. आता पुढे कोणतं काम हवं ते निवडायला सांगितलं. हुशारीची शाबासकी मिळालेल्यांपैकी 67 टक्के मुलांनी आपण हुशार दिसू असं काम निवडलं. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण अवघं 8 टक्के होतं. बाकीच्यांनी काही शिकायला मिळेल असं काम मागितलं. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश चाखायला लावलं आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी सुरुवातीपेक्षा खाली आली, मेहनती म्हटलेल्यांची वर गेली.

‘डोकं आहे, पण अभ्यास करत नाही’ आणि ‘गणित हिच्या डोक्यातच शिरत नाही’ ही वाक्यं ऐकत मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे लगेच पटतं. मात्र पटणं आणि सिद्ध होणं यात अंतर असतं. यूए ली आणि टिमथी बेट्स यांनी चीनमध्ये 9 ते 13 वर्षांच्या 624 मुलांवर हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ प्रयोगात दिसलेला ठळक परिणाम त्यांना आढळला नाही. मुलाची बुद्धीविषयीची समजूत आणि त्याचे गुण यांच्यातही त्यांना अपेक्षित संबंध सापडला नाही.

एक प्रयोग इकडे, एक तिकडे, अशाने निकाल लागत नाही. म्हणून व्हिक्टोरिया सिस्क आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले. ग्रोथ माइंडसेट शिकवल्याने गुणांवर होणारा सरासरी परिणाम त्यांना फारच बारीक आढळला. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर मधोमध, पन्नासाव्या जागी असलेलं मूल या शिकवणीमुळे सत्तेचाळिसाव्या जागेच्या आसपास सरकेल, एवढा. शून्य नाही, पण ज्या परिणामाच्या भरवशावर सगळी शाळा बदलायची भाषा होते, तोही नाही. परिस्थितीने गांजलेल्या आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना थोडा जास्त फायदा होत असावा, असा इशारा मात्र त्यात होता.

अमेरिकेत तास, इंग्लंडात आठवडे

या इशाऱ्याची खरी परीक्षा अमेरिकेत झाली. डेव्हिड यीगर, ड्वेक आणि इतर अनेकांनी मिळून केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. देशभरातल्या शाळांचं प्रतिनिधित्व होईल अशा रीतीने 65 सरकारी शाळा निवडल्या आणि त्यांतली नववीची सुमारे 12 हजार मुलं घेतली. काय मोजायचं आणि निष्कर्ष कसे काढायचे ते संशोधकांनी आधीच जाहीर करून ठेवलं. माहिती गोळा करण्याचं काम बाहेरच्या संस्थेकडे दिलं.

शिकवणी म्हणाल तर संगणकावरच्या दोन छोट्या बैठका, दोन्ही मिळून तासाभराच्या आत संपणाऱ्या. मुलांनी वाचलं की अवघड गोष्टी शिकताना मेंदूतले दुवे घट्ट होतात, चुकल्यावर पद्धत बदलता येते, मदत मागता येते. वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचले. शेवटी पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या मुलाला हे सगळं आपल्या शब्दांत समजावून सांगणारं पत्र लिहिलं. बाकीच्या मुलांनाही मेंदूबद्दलचाच मजकूर मिळाला, पण बुद्धी वाढते हे त्यात नव्हतं. कोणाला काय मिळालं, ते शिक्षकांना माहीत नव्हतं.

आपापल्या शाळेत गुणांच्या खालच्या निम्म्यात असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी, चारच्या आसपास कमाल असलेल्या मापावर, 0.10 ने वाढली. हा आकडा वाचून कोणी उभं राहून टाळ्या वाजवणार नाही. तोच परिणाम दुसऱ्या शब्दांत सांगितला की जरा स्पष्ट होतो. अशा मागे पडलेल्या शंभर मुलांमागे नापासाच्या काठावर किंवा खाली राहणाऱ्यांची संख्या साधारण पाचने कमी झाली. तासाभराच्या, जवळपास फुकट शिकवणीने एवढं होत असेल तर ते दुर्लक्षिण्यासारखं नाही. आधीच चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांच्या श्रेणीत असा फरक पडला नाही. मात्र या शिकवणीनंतर पुढच्या वर्षी वरच्या पातळीचं गणित घेणाऱ्यांचं प्रमाण थोडं वाढलं.

याच अभ्यासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मुख्य आकड्याच्या आड राहते. संशोधकांनी मुलांना गणिताची एक कार्यपत्रिका स्वतः तयार करायला दिली. प्रत्येकाने आपल्यासाठी सोपी गणितं निवडायची की अवघड, हे त्याच्यावर सोडलं. त्यावरून प्रत्येक शाळेचं वातावरण कळलं. ज्या शाळांत बरोबरीची मुलं अवघडाला हात घालत होती, तिथे शिकवणीचा श्रेणीवरचा परिणाम टिकला. जिथे सोप्याकडेच कल होता, तिथे तो दिसेनासा झाला. पुढच्या विश्लेषणात असंच शिक्षकांबाबत आढळलं. गणिताच्या शिक्षकालाच बुद्धी वाढते हे मान्य असेल त्या वर्गांत फायदा झाला, नसेल तिथे झाला नाही. मुलाच्या डोक्यात पेरलेली कल्पना भोवतालच्या वर्गाने उचलून धरली नाही तर वाया जाते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये अगदी वेगळ्या पद्धतीने चाचणी झाली. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या संस्थेने पैसा पुरवला. 101 शाळांमधली सहावीच्या वर्गातली, म्हणजे दहा-अकरा वर्षांची, सुमारे 5 हजार मुलं त्यात होती. इथे संगणकाऐवजी वर्गशिक्षक होते. त्यांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी आठ आठवडे धडे घेतले. 2019 मध्ये आलेल्या निकालात भाषा आणि गणित दोन्हींत काहीही जादा प्रगती दिसली नाही. अहवालाने एक अडचणही नोंदवली. तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांतल्या शिक्षकांनाही ग्रोथ माइंडसेट आधीच माहीत होतं आणि त्यांच्यापैकी अनेकजण ते वापरतही होते. तेव्हा या निकालावरून कल्पना निरुपयोगी ठरत नाही. पण ज्या शाळेत पोस्टर्स लागलेली आहेत, तिथे आणखी आठ आठवड्यांचे धडे घालून हाती फार काही लागत नाही, हे नक्की ठरतं.

2023 मध्ये याच विषयावर एकाच नियतकालिकात दोन गटांनी जुने अभ्यास पुन्हा एकत्र केले आणि त्यांचा सूर वेगळा निघाला. ब्रूक मॅकनमारा आणि अलेक्झांडर बर्गॉइन यांनी अभ्यासांची गुणवत्ता काटेकोर तपासली. सर्वांत चांगल्या रचनेच्या अभ्यासांपुरतं पाहिलं तर परिणाम शून्याच्या जवळ येतो, असं त्यांना आढळलं. ही शिकवणी चालण्यात ज्या लेखकांचा आर्थिक लाभ होता, त्यांच्याकडून अनुकूल निष्कर्ष येण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. जेनी बर्नेट आणि सहकाऱ्यांचं म्हणणं असं की सगळ्यांची सरासरी काढण्यातच चूक आहे. ज्यांना फायदा होईल असा अंदाज आधीच होता, त्या मागे पडलेल्या मुलांकडे पाहिलं तर लहान पण खरा परिणाम दिसतो. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवले, तर भांडण लहान परिणाम आणि त्याहून लहान परिणाम यांच्यातलं आहे, हे ध्यानात येतं. मोठा परिणाम होतो असं आता कोणीच गंभीर अभ्यासक म्हणत नाही.

मेहनतीची खोटी शाबासकी

कल्पना वर्गात उतरताना कुठे बिघडते, ते खुद्द ड्वेक यांनी 2015 मध्ये लिहिलं. मुलाला काही जमलेलं नाही, तरी ‘प्रयत्न छान केलास’ म्हणून शाबासकी देण्याची प्रथा पडली होती. ड्वेक यांच्या मते ही शाबासकी म्हणजे न शिकलेल्या मुलाची समजूत काढणं. प्रयत्नाबरोबर नवी पद्धत शोधणं, मदत घेणं आणि शेवटी शिकणं, हे सगळं त्या कल्पनेत होतं. लोकांनी त्यातली मेहनत तेवढी उचलली.

आपल्याकडे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणणारी संस्कृती असल्याने हा धोका जास्त आहे. चौथीतल्या मुलीने 63 मधून 28 वजा करताना 45 लिहिलं, असं समजा. ‘आणखी मेहनत घे’ म्हटलं तर ती याच चुकीची आणखी वीस उदाहरणं सोडवेल. तिने एककाच्या जागी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, म्हणजे आठातून तीन, हे शिक्षिकेने ओळखलं आणि दशक मोडून दहा एकक हातात ठेवून दाखवले, तर 35 कसे येतात ते तिला कळेल. इथे मुलीच्या विश्वासापेक्षा शिक्षिकेने चूक नेमकी कुठे झाली ते पाहणं महत्त्वाचं आहे. विश्वास त्यानंतर येतो, कारण आता जमलेलं असतं. शिवाय सगळं तुझ्या वृत्तीवर अवलंबून आहे असं सांगत राहिलं, तर पुस्तक नसलेल्या, शेतीच्या हंगामात शाळा बुडणाऱ्या मुलालाच त्याच्या मागे पडण्याचा दोष लागतो.

शिकण्याच्या पद्धतींवरच्या संशोधनात ज्यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे, त्या गोष्टी दिसायला साध्या आहेत. त्यांतली एक म्हणजे न पाहता आठवून पाहणं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना मजकुरातलं 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. अभ्यास एकाच रात्री उरकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून करणं, ही अशीच दुसरी गोष्ट. या दोन्हींचा फायदा दृक्, श्राव्य आणि कृतिशील अशा सगळ्या मुलांना होतो.

म्हणून दोन्ही कल्पनांना वेगळा न्याय द्यावा लागतो. शैलीनुसार शिकवण्याचा भाग डी.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासातून, शाळेच्या प्रगतिपत्रकातून आणि पालकांच्या बोलण्यातून काढून टाकायला हरकत नाही. त्याने मुलांचं काही बिघडणार नाही. ग्रोथ माइंडसेटला वर्षाच्या सुरुवातीचा एखादा तास द्यावा, विशेषतः मागे पडलेल्या मुलांसाठी. पण त्यावर आठवडेच्या आठवडे किंवा महागड्या कार्यशाळांचे पैसे घालू नयेत. आणि एखादी संस्था शाळेत नवं पॅकेज घेऊन आली, तर मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी सही करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणत्या मुलांवर करून पाहिलं, त्यांची तुलना कोणाशी केली, आणि गुणांत फरक किती पडला?